‘लावू नये’ की ‘लावून ये’? एकदाच ऐकू येणाऱ्या निवेदनाचं पुनर्लेखन

कामाच्या ठिकाणी नव्याने रुजू होणाऱ्यांना ऐकवायची सुरक्षिततेची ध्वनिफीत होती. चित्र नाही, छापील कागद नाही. सभागृहातल्या स्पीकरवर एकदा वाजणार आणि संपणार. त्यातला भाजल्यावरच्या प्रथमोपचाराचा तुकडा जेमतेम पाऊण मिनिटाचा होता. मजकूर एका डॉक्टरांनी तपासलेला, निवेदिका अनुभवी, ध्वनिमुद्रण स्वच्छ. तरीही पहिल्या काही तुकड्यांना फीत ऐकवल्यानंतर गप्पांमध्ये एकाने अगदी ठामपणे सांगितलं, “दवाखान्यात जायच्या आधी बर्फ लावून जायचं, असं त्यात सांगितलंय.” फितीत नेमकं उलटं सांगितलेलं होतं. त्यानंतर तो मजकूर दुरुस्तीसाठी माझ्याकडे आला.

मूळ मजकूर असा होता:

> भाजल्यास जखम गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावी. दुखापतीनंतर तीन तासांच्या आत हे केल्यास उपयोग होतो. दवाखान्यात येण्यापूर्वी जखमेवर तेल, टूथपेस्ट, बर्फ आदी लावू नये; असे उपाय अपायकारक ठरतात. फोड फोडू नयेत. जखम स्वच्छ कापडाने झाकावी, कापूस वापरू नये.

वाचताना यात खोट काढायला जागा नाही. वैद्यकीयदृष्ट्याही तो बरोबर आहे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं थंड पाणी, बर्फ किंवा तेलकट काही लावायचं नाही, फोड फोडायचे नाहीत, धागे सुटणारा कापूस लावायचा नाही, हा प्रथमोपचार सर्वमान्य आहे. अडचण फक्त कानाची होती.

तिसरं वाक्य आधी घेऊ, कारण घोळ तिथे झाला होता. ‘बर्फ आदी लावू नये’ हे शब्द डोळे मिटून, नेहमीच्या वेगात स्वतःशी म्हणून पाहा. ‘आदी’ आणि ‘आधी’ यांत फरक आहे तो ‘ध’मधल्या श्वासाचा. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘ध’ बोलण्याच्या ओघात आपला बराचसा श्वास गमावतो, त्यामुळे कान या दोन शब्दांत निवड करतो ती अर्थावरून, आवाजावरून नाही. आता अर्थ कोणाच्या बाजूने आहे ते बघा. ‘आदी’ हा छापील मराठीतला शब्द. बोलताना आपण ‘वगैरे’ म्हणतो. ‘आधी’ मात्र दिवसातून शंभरदा तोंडात येतो, शिवाय याच वाक्यात नुकतंच ‘येण्यापूर्वी’ येऊन गेलेलं आहे. कानाने ‘आधी’ निवडलं यात त्याची काही चूक नाही.

एकदा ‘आधी’ ऐकलं की पुढचा शब्द आपोआप घसरतो. ‘लावू नये’ आणि ‘लावून ये’ यांचे आवाज अक्षरशः तेच आहेत. लिहिताना आपण दोन शब्दांमध्ये जागा सोडतो, बोलताना ती जागा नसते. ‘बर्फ आधी लावून…’ इथपर्यंत आल्यावर कोणीही वाक्य स्वतःच पूर्ण करतो: दवाखान्यात येण्यापूर्वी बर्फ आधी लावून या. ‘ये’ हा एकेरी हुकूम फितीच्या भाषेत बसत नाही, हे श्रोत्याच्या लक्षात यायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. पण श्रोता व्याकरण तपासायला बसलेला नसतो. त्याला ‘लावून’ मिळालं, तेवढं त्याला पुरतं.

खरी गंमत अर्धविरामानंतर आहे. सगळं चुकीचं ऐकलं तरी ‘असे उपाय अपायकारक ठरतात’ या शब्दांनी श्रोत्याला सावरायला हवं होतं. प्रत्यक्षात त्यांनी त्याची समजूत आणखी पक्की केली. ‘उपाय’च्या शेवटच्या ‘य’ला ‘अपाय’चा ‘अ’ चिकटतो, आणि आधीचं ‘उपाय’ कानात घुमत असताना पुढचं ‘-पायकारक’ येतं. उरलेल्या आवाजातून कान ‘उपकारक’ बनवतो. म्हणजे ‘तेल, टूथपेस्ट, बर्फ आधी लावून ये; असे उपाय उपकारक ठरतात.’ सलग तीन ठिकाणी वाक्य उलटलं, आणि उलटलेलं वाक्य मूळ वाक्याइतकंच सुसंगत निघालं.

या प्रकरणाचं मर्म मला इथे दिसतं. सारखे वाटणारे शब्द मजकुरात असतातच, सगळे काढायला गेलं तर मराठीच शिल्लक राहणार नाही. ‘दूर’ आणि ‘धूर’ यांचं साम्य ‘आदी’ आणि ‘आधी’ यांच्याइतकंच आहे. पण ‘धूर ठेवा’ याला अर्थ नसल्यामुळे ‘दूर ठेवा’ कोणी चुकीचं ऐकत नाही. धोका तेव्हा, जेव्हा दोन्ही शब्द त्याच जागी अर्थाने बसतात, आणि त्यातला चुकीचा शब्द श्रोत्याच्या मनात आधीपासून असलेल्या समजुतीशी जुळतो. टूथपेस्टने आग शमते असं मानणारे लोक भरपूर आहेत. त्यांना होकार ऐकायचाच असतो. म्हणून मजकूर तपासताना मी शब्दांच्या जोड्या शोधत नाही. प्रत्येक सूचनेचं उलटं वाक्य मनात धरतो, आणि ते या आवाजांतून ऐकू येऊ शकेल का, ते बघतो.

दुरुस्तीची पहिली सूचना ध्वनिमुद्रकाकडून आली: “ताई, ‘लावू’ म्हणून जरा थांबा, मग ‘नये’ म्हणा.” निवेदिकेने तसं करून दाखवलं. स्टुडिओत, चांगल्या हेडफोनवर, ते स्पष्ट ऐकू आलं. माझा या मार्गाला विरोध होता आणि आजही आहे. ‘लावू, नये’ असा तुटक उच्चार कानाला खटकतो आणि निवेदिका पुढच्या ध्वनिमुद्रणात नकळत सहज बोलण्याकडे वळते. शिवाय संकलन करताना कोणीतरी फीत आटोपशीर करण्यासाठी मोकळ्या जागा आवळतो आणि तो विराम पहिल्यांदा जातो. सभागृहात आवाज भिंतींवर आपटून परत येतो तेव्हा उरलासुरला विरामही भरून निघतो. लिहिण्यातला दोष गळ्याने झाकला, की तो प्रत्येक नव्या ठिकाणी पुन्हा उघडा पडतो.

नकाराचं आणखी एक दुखणं मराठीच्या घडणीतच आहे. आपला नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो. निवेदकाचा श्वास तिथेच संपत आलेला असतो, सूर खाली आलेला असतो, आवाज पडलेला असतो. ‘तेल, टूथपेस्ट, बर्फ’ खणखणीत ऐकू येतात आणि ‘नये’ पुटपुटल्यासारखं. ज्या शब्दावर सगळा अर्थ टांगलेला, तो सर्वांत दुबळ्या जागी. त्यामुळे ‘नये’च्या जागी दुसरा नकार घालून भागणार नव्हतं.

तरी पहिला प्रयत्न तोच झाला, सोपा म्हणून. ‘बर्फ लावणे टाळा.’ कागदावर छान. पण ‘टाळा’ आणि ‘टाका’ यांत एकाच व्यंजनाचा फरक, आणि प्रथमोपचाराच्या वाक्यात दोन्ही चपखल बसतात. ‘तेल टाळा’ हे लांबून ‘तेल टाका’ होतं. मग कोणीतरी ‘लांब ठेवा’ सुचवलं. तेही घाईत ‘लावून ठेवा’च्या फार जवळ जातं. हे नेहमी होतं: एक शब्द काढला की त्याच्या जागी आलेला शब्द स्वतःचा जुळा भाऊ घेऊन येतो. म्हणून बदललेलं वाक्य हे नवं वाक्यच समजायचं आणि त्याची तपासणी पहिल्यापासून करायची.

शेवटी नकार वाक्याच्या शेवटून उचलून परिणामात टाकला. ‘लावू नका’ असं सांगण्याऐवजी लावल्यावर काय होतं ते सांगायचं: ‘यातलं काहीही त्वचेवर गेलं, तर जखम बिघडते.’ ‘बिघडते’ हा शब्द मला इथे फार सोयीचा वाटला. तो कोणी चुकीचा ऐकलाच तर फार तर ‘उघडते’ ऐकेल, आणि जखम उघडते हेही वाईटच. चूक झाली तरी ती त्याच दिशेला पडते. ‘दूर ठेवा’ त्याच्या मागे जोड म्हणून ठेवलं. तीच गोष्ट दोन वेगळ्या शब्दांत सांगितल्यावर एक निसटला तरी दुसरा हाती लागतो. तोच शब्द दोनदा म्हटला असता तर तो दोनदा चुकीचा ऐकू आला असता.

त्याच्याआधी एक ठाम होकार हवा होता, म्हणून ‘भाजलेल्या जागी फक्त पाणी’ असं लिहिलं. इथे निवेदिकेनेच हरकत घेतली, आणि ती रास्त होती. स्वस्त स्पीकरवर ‘फ’ पुसला जातो, आणि अपघाताविषयी ऐकणाऱ्याच्या कानात ‘रक्त’ तयारच असतं. ‘भाजलेल्या जागी रक्त’ एवढं कानावर पडलं की पुढचं ‘पाणी’ ऐकेपर्यंत तो गोंधळलेला. ‘फक्त’ काढून ‘पाणी, आणि पाणीच’ केलं. ‘च’ शेवटी असला तरी पाणी दोनदा येऊन गेलेलं असतं.

डॉक्टरांचे आक्षेपही आले. ‘आदी’ काढून टाकल्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही तीनच नावं ठेवलीत. उद्या कोणी मलम लावून येईल आणि म्हणेल, मलमाचं नाव तुम्ही घेतलंच नव्हतं.” बरोबर होतं. ‘वगैरे’ घालता आलं असतं, पण ‘वगैरे’ ऐकून कोणी चौथी वस्तू स्वतः शोधत नाही. म्हणून मलम नावानिशी घेतलं आणि पुढे ‘यातलं काहीही’ म्हटलं.

पहिल्या वाक्यातला ‘गार’ शब्दही गेला. हा धोका डोळ्याला दिसतच नाही. ‘जखम गार पाण्याखाली’ यात ‘जखम’चा ‘म’ आणि ‘गार’ शेजारी येतात, आणि कानात ‘गरम’ची सगळी सामग्री जमा होते. ‘गार पाणी’ आणि ‘गरम पाणी’ दोन्ही इतकी वापरातली जोडपी आहेत की कान कोणतंही उचलू शकतो, आणि भाजलेल्या माणसाच्या बाबतीत ही चूक परवडणारी नाही. ‘थंड’ला असा जुळा नाही. पण नुसतं ‘थंड’ म्हटलं की माणूस फ्रिजकडे वळतो, ही डॉक्टरांची भीती. त्यामुळे ‘नळाच्या थंड, वाहत्या पाण्याखाली’ असं झालं. ‘जखम’ची जागा ‘ती जागा’ने घेतली. तसंही नुकतंच भाजलेल्या त्वचेला लोक लगेच जखम म्हणत नाहीत.

आकड्यांनी सर्वांत जास्त वेळ खाल्ला. मूळ मजकुरात ‘वीस मिनिटे’ आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘तीन तास’. ‘वीस’ आणि ‘तीस’ यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. ‘व’ मऊ, ‘त’ क्षणभराचा. गोंगाटात दोन्ही बुडतात आणि ‘-ईस’ उरतं. मागून ‘तीन’ आलं की त्याचा ‘ती’ मागे जाऊन चिकटतो आणि श्रोता ‘तीस मिनिटं’ घेऊन घरी जातो. तीस मिनिटं पाणी धरल्याने सहसा काही बिघडत नाही, पण काहींनी ‘तीन मिनिटं’ सांगितलं, आणि ते अगदीच अपुरं. वाईट स्पीकरची यात भर पडते. जुन्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो आणि ‘स’चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. सभागृहांतले भोंगेवजा स्पीकर पुष्कळदा त्याच जातीचे असतात. ‘स’ पडला की वीस, तीस आणि तीन हे तिन्ही एकाच गठ्ठ्यात जातात.

यावर ‘वीस, म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा’ असा खुलासा सुचवला गेला होता. त्यात पुन्हा ‘ति’ आलाच. आम्ही वीसचे तुकडे केले: दहा मिनिटं, मग आणखी दहा. ‘दहा’च्या जवळ ‘सहा’ येतो खरा, पण ‘दहा’चा ‘ह’ गेला तरी ‘दा’ एवढ्यावरून तो ओळखू येतो. आणि शेवटी ‘एकूण वीस’ म्हटलं की श्रोता बेरीज आधीच करून बसलेला असतो, त्यामुळे तिथे ‘तीस’ ऐकायला वाव राहत नाही. पण चाचणीत एकाने विचारलं, “मध्ये हात बाहेर काढायचा का?” दोन हप्ते केल्याचा हा परिणाम. ‘हात न काढता आणखी दहा मिनिटं’ ही सहज सुचणारी दुरुस्ती. ती मात्र भलतीच घातक: ‘न’ मागच्या ‘हात’मध्ये विरघळतो आणि ‘हात काढता’ उरतं. ‘हात तिथेच ठेवून आणखी दहा मिनिटं’ असं केलं. तीन तासांची गोष्ट तुकड्याच्या अगदी शेवटी हलवली, वीसपासून जितकी दूर नेता येईल तितकी.

‘फोड फोडू नयेत’ याला फार विचार लागला नाही. ‘फोडू नयेत’मध्ये पुन्हा तोच ‘फोडून’, आणि वाक्यात ‘फोड’ दोनदा. नाम एकदाच ठेवलं आणि क्रियापद हाकलून दिलं: ‘फोड आले, तर ते तसेच राहू द्या.’ जे करायचं नाही त्याचं क्रियापदच वाक्यात नसेल तर ते चुकीचं ऐकू येण्याचा प्रश्न उरत नाही. ‘कापड’ आणि ‘कापूस’ हीही त्याच जागी बसणारी जोडी होती, आणि ‘कापूस वापरू नये’मध्ये ‘वापरून’ दबा धरून होतं. दोन्ही काढून ‘स्वच्छ रुमाल’ आणला. रुमालाला कापूस समजणं अवघड आहे, त्यामुळे कापसाचा वेगळा निषेध करायची गरजच उरली नाही. डॉक्टरांना ‘रुमाल’ लहान वाटला, मोठ्या जागेला पुरणार नाही म्हणून. तेव्हा ‘रुमाल किंवा चादर’ झालं.

तयार मजकूर असा:

> भाजलं, की ती जागा नळाच्या थंड, वाहत्या पाण्याखाली धरा. दहा मिनिटं धरा. हात तिथेच ठेवून आणखी दहा मिनिटं. एकूण वीस मिनिटं. भाजलेल्या जागी पाणी, आणि पाणीच. तेल, टूथपेस्ट, बर्फ, मलम, यातलं काहीही त्वचेवर गेलं, तर जखम बिघडते. हे सगळं दूर ठेवा. फोड आले, तर ते तसेच राहू द्या. मग ती जागा स्वच्छ रुमालाने किंवा चादरीने सैलसर झाका आणि दवाखान्यात जा. पाणी उशिरा मिळालं, तरी धरा. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो.

लांबी थोडी वाढली. भाजलेली जागा हातच असेल असंही काही नाही, तेव्हा ‘हात तिथेच ठेवून’ पायाच्या बाबतीत लंगडं पडतं. ‘जागा तिथेच धरून’ म्हणून पाहिलं, पण ते कोणाला कळेना. पुष्कळदा हातच भाजतो, या हिशेबाने ते तसंच ठेवलं. मला ते पूर्ण पटलेलं नाही.

चाचणीची पद्धत सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय यातलं निम्मं लक्षातही आलं नसतं. फीत त्याच सभागृहात, त्याच स्पीकरवर, पंखे चालू ठेवून, एकदाच वाजवायची. श्रोत्यांनी मजकूर कुठेही वाचलेला नसावा. मजकूर लिहिणारे आणि तपासणारे या कामाला निरुपयोगी: त्यांना शब्द पाठ असतात, त्यांचा कान चुकतच नाही. वाजवून झाल्यावर ‘नीट ऐकू आलं का?’ असं विचारायचं नाही, त्यावर सगळे ‘हो’ म्हणतात. ‘समजा आत्ता तुमच्या शेजाऱ्याचा हात भाजला, तुम्ही काय काय कराल ते क्रमाने सांगा,’ असं म्हणायचं आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यायचे.

उतरवलेल्या उत्तरांत विसरणं आणि चुकीचं ऐकणं वेगळं काढता येतं. विसरलेला माणूस अडखळतो, ‘अजून काहीतरी होतं बघा’ म्हणतो. चुकीचं ऐकलेला अडखळत नाही. तो ‘बर्फ लावून मग दवाखान्यात’ असं आत्मविश्वासाने सांगतो, वर ‘फितीतच आहे’ अशी साक्षही काढतो. विसरण्यावर उपाय म्हणजे मजकूर कमी करणं, चुकीचं ऐकण्यावर शब्द बदलणं. दोन्ही एकत्र मोजले तर भलत्याच ठिकाणी कात्री चालते.

नव्या मजकुरावर उलटी उत्तरं थांबली. वीस मिनिटांच्या जागी कोणी तीन किंवा तीस म्हणालं नाही, काहींनी ‘दहा-दहा’ असंच सांगितलं आणि ते चालण्यासारखं आहे. दोघंतिघं मात्र टूथपेस्टवर ठाम राहिले. त्यांना खोदून विचारलं, तर त्यांनी फितीतलं वाक्य बरोबर ऐकलेलं होतं, ‘जखम बिघडते’ हे शब्दही नीट सांगितले. फक्त त्यांना ते पटलेलं नव्हतं. ती अडचण शब्दांच्या आवाजाची नसल्यामुळे मजकूर तिथेच थांबवला आणि त्या लोकांशी डॉक्टरांनीच बोलावं असं ठरलं.